पत्र मुलाचं की घरच्यांचं? तालुका स्पर्धेच्या आयोजकांसाठी

आमचं सार्वजनिक वाचनालय दरवर्षी वाचन प्रेरणा दिनाच्या निमित्तानं पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी पत्रलेखन स्पर्धा घेतं. मुलं घरी पत्र लिहितात आणि शाळेमार्फत पाठवतात. गेल्या वर्षी पहिलं बक्षीस मिळालेलं पत्र मुलाच्या आईनं लिहून दिलं होतं, असं दोन पालकांनी आम्हाला तोंडावर सांगितलं. परीक्षकही म्हणतात की निम्मी पत्रं मोठ्यांनी सांगितलेली किंवा मोबाइलवरून उतरवलेली वाटतात, पण खात्रीनं काही सांगता येत नाही. यंदा १८० च्या आसपास पत्रं येतील. कार्यकर्ते सात-आठच आहेत आणि पैसेही बेताचेच. पत्र मुलानं स्वतःच लिहिलंय याची खात्री कशी करायची? एखाद्या प्रामाणिक मुलावर आळ येऊ नये, हीसुद्धा काळजी आहे.
— कार्यवाह, एक सार्वजनिक वाचनालय, जि. सातारा

कार्यवाह महोदय,

हातात आलेल्या कागदाकडे कितीही बारकाईनं पाहिलं तरी तो कोणाच्या डोक्यातून उतरला हे खात्रीनं सांगता येत नाही, आणि तुमचे परीक्षक ते प्रामाणिकपणे कबूल करतात हे बरंच आहे. म्हणून कागद तपासण्यात शक्ती घालवू नका. स्पर्धेची रचनाच अशी करा की बक्षीस ज्या लेखनाला मिळणार, ते लेखन तुमच्या डोळ्यांदेखत झालेलं असेल. घरून आलेलं पत्र ही पहिली फेरी. त्यातून २४ मुलं निवडा. त्यांना एका सकाळी बोलावून समोर बसवून दुसरं पत्र लिहून घ्या, ही दुसरी फेरी. निकाल फक्त दुसऱ्या फेरीवर लावा. पहिल्या फेरीचे गुण पुढे नेऊ नका, अगदी दहा टक्केही नाही. घरच्या पत्राचे थोडेसे गुण जरी धरले तरी ज्याच्या घरी लिहून देणारं माणूस आहे तो तेवढा पुढे राहतो आणि तुमची अडचण होती तिथेच राहते.

ही रचना का, हे आधी सांगतो, कारण समितीत कोणीतरी नक्की म्हणेल की हस्ताक्षर आणि प्रतिज्ञापत्र घेतलं की काम भागेल. भारतीय टपाल खात्याच्या ‘ढाई आखर’ पत्रलेखन मोहिमेत पत्र हातानंच लिहिलेलं लागतं, आणि आपण १८ वर्षांखालचे आहोत की वरचे हे स्पर्धकाला पत्रावर स्वतःच प्रमाणित करावं लागतं. देशभरातून पत्रं येतात तिथे याहून जास्त काही करणं अवघडच आहे. पण या अटींमधून नेमकं काय सिद्ध होतं ते पाहा. हस्ताक्षरावरून लिहिणारा हात कोणाचा हे कळतं, वाक्यं कोणाची हे कळत नाही. आईनं सांगितलेलं पत्रसुद्धा मूल आपल्याच हातानं लिहितं. शाळेच्या सहीचंही तसंच आहे. बऱ्याच शाळांत एकच हुशार मूल निवडून त्याच्याकडून पत्र ‘तयार करून घेतलं’ जातं, आणि सही करणारे सर किंवा बाई हेच त्या पत्राचे खरे लेखक असतात. त्यांना त्यात गैर वाटत नाही, कारण शाळेचं नाव यावं म्हणूनच ते सगळं चाललेलं असतं.

तुमच्या परीक्षकांना जे ‘वाटतं’, त्यामागे बहुतेक वेळा दोन प्रकारच्या चुकांमधला फरक असतो, तो ओळखून ठेवण्यासारखा आहे. मूल मनातलं किंवा कानावर पडलेलं लिहितं तेव्हा चुका आवाजाच्या होतात. ‘आणि’चं ‘आणी’ होतं, ‘प्रदूषण’चं ‘प्रदुषण’ होतं, अनुस्वार गळतो, पण वाक्य वाचलं तर कानाला बरोबर लागतं. मूल समोरच्या कागदावरून उतरवतं तेव्हा चुका डोळ्याच्या होतात. ‘जनजागृती’चं ‘जनजागती’ होतं, मोठ्यांच्या घाईच्या अक्षरातलं जोडाक्षर भलतंच वाचलं जातं. किंवा दोन ओळींत एकच शब्द असला की नजर पहिल्या ओळीवरून थेट दुसरीवर जाते आणि मधला मजकूर सुटतो. मग वाक्य जुळत नाही, आणि लिहिणाऱ्याला ते जाणवलेलंही नसतं. असं पत्र दिसलं की ते कुठून तरी उतरवलंय हे जवळजवळ नक्की. पण कुठून? मूल स्वतःच्याच कच्च्या कागदावरूनही पक्की प्रत काढतं, आणि तेव्हाही ओळ सुटते. उलट, आईनं शब्द न् शब्द सांगून लिहून घेतलेल्या पत्रात आवाजाच्याच चुका असतात आणि ते अगदी ‘मुलाचं’ वाटतं. त्यामुळे या खुणा पाहून कोणालाही बाद करू नका. कोणाशी जरा सविस्तर बोलायचं एवढंच त्यातून ठरवा.

भाषा वयापेक्षा मोठी आहे, हे तर अजिबात गमक धरू नका. आजोबांजवळ वाढलेलं मूल ‘तीर्थरूप’, ‘शिरसाष्टांग नमस्कार’ असं सहज लिहितं. वाचनालयातून दर आठवड्याला पुस्तक नेणारी सातवीतली मुलगी दहावीतल्या मुलासारखं लिहू शकते, आणि वाचनालयाच्या स्पर्धेत नेमकी तीच मुलगी संशयात अडकली तर त्याहून वाईट काही नाही.

मोबाइलवरून लिहून घेतलेलं ओळखणारी सॉफ्टवेअर आहेत, ती वापरा असंही कोणी सुचवेल. वापरू नका. ओपनएआय या कंपनीनं स्वतःच असं एक साधन काढलं होतं. यंत्रानं लिहिलेल्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के मजकूर ते बरोबर ओळखत होतं, आणि माणसानं लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर यंत्राचा शिक्का मारत होतं. पुरेसं अचूक नाही म्हणून कंपनीनं ते जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. हे आकडे इंग्रजी मजकुराचे आहेत. साधनं पुढे सुधारली असं धरलं तरी मुलाच्या हस्ताक्षरातलं मराठी पत्र आधी टाइप करायचं, टाइप करताना आपणच शुद्धलेखन दुरुस्त करायचं आणि मग ते यंत्राला विचारायचं, यातून येणाऱ्या उत्तरावर एखाद्या मुलाचं बक्षीस ठरवणं योग्य नाही.

आता पहिल्या फेरीकडे वळू. घरची मदत पूर्ण बंद केली तर सगळे ती लपवतील. म्हणून किती मदत चालेल ते पत्रकातच लिहा: ‘घरच्यांना माहिती विचारता येईल. एखादा शब्द कसा लिहायचा ते विचारता येईल. वाक्य कोणी सांगू नये, आणि कुठूनही उतरवू नये.’ आणि ‘हे पत्र माझं स्वतःचं आहे’ अशा छापील ओळीऐवजी दोन रिकाम्या ओळी ठेवा: ‘या पत्रासाठी मी कोणाशी बोललो किंवा बोलले? त्यांनी काय सांगितलं?’ छापील प्रतिज्ञेखाली सही करताना कोणी विचार करत नाही. या प्रश्नाला मात्र मुलं खरं उत्तर देतात, कारण मदत घेणं हा इथे गुन्हा नसतो. ‘आजोबांनी सांगितलं की आधी विहिरीला बारमाही पाणी असायचं’ अशी ओळ पुढे बोलताना फार उपयोगी पडते. शाळेच्या सहीच्या जागीही दोन चौकोन द्या: ‘वर्गात माझ्यासमोर लिहिलं’ आणि ‘घरून लिहून आणलं’. दोन्ही चालतात असं स्पष्ट सांगितलंत तर सर-बाई खरी खूण करतात.

विषय ठरवताना ‘शेतकऱ्याचे आत्मवृत्त’, ‘मी मुख्यमंत्री झालो तर’ अशा वाटेला जाऊ नका. या विषयांवरचे तयार निबंध मार्गदर्शकांत आहेत, मुलांना ते पाठ आहेत, आणि पाठ केलेला निबंध मूल तुमच्या डोळ्यांदेखतही लिहून दाखवेल. त्या वेळी तुमची देखरेख कितीही चोख असली तरी हाती काही लागत नाही. विषय असा हवा की उत्तर त्या मुलाच्या रस्त्यावर, घरात किंवा शाळेतच सापडेल. उदाहरणार्थ: ‘तुमच्या घरी किंवा शाळेत पिण्याचं पाणी कुठून येतं, त्यात काय अडचण आहे, ते सरपंच किंवा नगराध्यक्षांना पत्र लिहून कळवा. शब्द १५० ते २००.’ पाणी सगळीकडे आहे, पण प्रत्येकाची अडचण वेगळी. कोणाकडे टँकर येतो, कोणाची पाइपलाइन गटाराजवळून जाते, कोणाच्या शाळेची टाकी धुतलेलीच नसते.

पत्रं आली की आधी क्रमांक घालायचं काम एका व्यक्तीकडेच द्या. नाव, शाळा, इयत्ता, फोन हे सगळं वेगळ्या अर्ध्या कागदावर घ्या. पत्रावर फक्त क्रमांक राहील, आणि यादी त्या व्यक्तीजवळच राहील. परीक्षकांना शाळेचं नाव कळता कामा नये. मात्र परीक्षकांकडे गठ्ठा देण्यापूर्वी त्याच व्यक्तीनं शाळावार पत्रं लावून प्रत्येक पत्राचं पहिलं आणि शेवटचं वाक्य ओळीनं वाचून काढावं. १८० पत्रांना एक दुपार पुरते. एकाच शाळेतल्या सहा पत्रांची सुरुवात ‘पाणी म्हणजे जीवन, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत’ अशी निघाली, तर ते वाक्य फळ्यावरून आलेलं आहे. त्यासाठी मुलांना बाद करू नका, पण गुण देताना ते वाक्य नव्हतंच असं समजून उरलेलं पत्र वाचायला परीक्षकांना सांगा. एखादं वाक्य फारच छापील वाटलं तर त्यातले सहा-सात शब्द अवतरणचिन्हांत घालून इंटरनेटवर शोधा. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचा एक फरक पडला तरी शोध चुकतो, तेव्हा दोन-तीन तऱ्हेनं टाइप करून पाहा. मिळालं नाही म्हणजे वाक्य मुलाचंच, असा अर्थ मात्र काढू नका.

पहिल्या फेरीत परीक्षकांनी शोधायचं ते एवढंच की या पत्रात मुलानं स्वतः पाहिलेलं काही आहे का. अशी २४ पत्रं निवडा. २४ म्हणजे एका वर्गात एका बाकावर एक या हिशोबानं बसतील इतकीच मुलं. दोन कार्यकर्ते देखरेखीला पुरतात आणि पुढे प्रत्येकाशी बोलायलाही वेळ उरतो. अक्षर चांगलं नाही म्हणून कोणी मागे पडत नाही ना, हे इथेच पाहून घ्या.

दुसऱ्या फेरीचा खरा कस विषयाच्या वळणात आहे. विषय तोच ठेवा आणि पत्र कोणाला लिहायचं ते बदला. घरी सरपंचांना औपचारिक पत्र लिहिलं असेल, तर इथे सांगा: ‘तुमचा मामेभाऊ किंवा मामेबहीण सुट्टीत तुमच्याकडे राहायला येणार आहे. तुमच्याकडचं पाणी कसं येतं, ते कसं वापरायचं, आणि तिला किंवा त्याला कशाची सवय करून घ्यावी लागेल, ते पत्रातून कळवा.’ ज्याला विषय ठाऊक आहे त्याला हे सोपं जातं, कारण माहिती डोक्यात आहे, फक्त बोलण्याची तऱ्हा बदलायची आहे. ज्यानं पत्र पाठ केलं आहे त्याचं मात्र अडतं. तो ‘महोदय’च्या जागी ‘प्रिय’ घालतो आणि खाली तीच वाक्यं लिहितो, ‘आपण याकडे गांभीर्याने लक्ष द्यावे ही नम्र विनंती’ अशी विनंतीही मामेभावालाच करतो. पाठांतर इतकं उघडं दुसऱ्या कशानंच पडत नाही, आणि त्यासाठी मुलाला एक शब्द विचारावा लागत नाही. दुसऱ्या फेरीत विषय पाण्याचाच राहील हे आधी सांगितलं तरी चालेल, पत्र कोणाला ते मात्र वेळेवर फळ्यावर लिहा.

त्या सकाळची व्यवस्था अशी ठेवा. प्रत्येकाला वाचनालयाचा शिक्का, तारीख आणि क्रमांक असलेले दोन कोरे कागद द्या, एक कच्च्यासाठी आणि एक पक्क्यासाठी. दोन्ही परत घ्यायचे, हे आधी सांगा, नाहीतर मुलं कच्चा कागद चुरगाळून टाकतात. कच्चा कागद तुमच्याजवळचा सगळ्यात चांगला पुरावा असतो. खोडलेलं वाक्य, बाण काढून वर नेलेली ओळ, समासात आठवण म्हणून टिपलेले तीन शब्द यातून मूल विचार कसा करत गेलं ते दिसतं. १५० शब्दांसाठी ५० मिनिटं द्या. घाई केली तर सावकाश लिहिणारी चांगली मुलं मारली जातात, आणि फार वेळ दिला तर मुलं पक्की प्रत पुन्हा पुन्हा काढत बसतात. पेन मुलांचं स्वतःचं असू द्या. मोबाइल आणि स्मार्ट घड्याळ दाराशी नाव लिहिलेल्या पाकिटात ठेवा. देखरेखीला त्या मुलांच्या शाळेतले शिक्षक नकोत. ते मुद्दाम काही करतात असं नाही, पण आपलं मूल अडलेलं पाहिलं की बाकाजवळ थांबून एक शब्द सुचवल्याशिवाय त्यांना राहवत नाही. पालकांसाठी बाहेर खुर्च्या मांडा आणि वर्तमानपत्रं ठेवा, म्हणजे खिडकीशी गर्दी होत नाही.

तुमचा तालुका डोंगराळ असेल आणि एसटीच्या वेळा जुळत नसतील, तर सगळ्यांना गावात बोलावण्याचा हट्ट धरू नका. शनिवारी सकाळची शाळा असते. दोन-तीन केंद्रशाळांत एकाच वेळी लेखन घेता येईल. शिक्का मारलेले कागद आदल्या दिवशी केंद्रप्रमुखांकडे पोचवा, प्रत्येक ठिकाणी वाचनालयाचा एक कार्यकर्ता ठेवा, आणि विषयाची ओळ ठरलेल्या मिनिटाला त्याच्या फोनवर पाठवा. एका ठिकाणी अर्धा तास आधी सुरू झालं तर दुसरीकडे विषय फुटलाच म्हणून समजा.

लेखन झाल्यावर मुलांना खाऊ द्या आणि मग एकेकाशी सहा-सात मिनिटं बोला. दोन माणसं असावीत, त्यांतली एक बाई असली तर मुली मोकळ्या बोलतात. दार उघडं ठेवा, पालक दिसतील पण ऐकू जाणार नाही एवढ्या अंतरावर असू द्या. ‘हे तू लिहिलंस का?’ हा प्रश्न कधीच विचारू नका. खरं लिहिणारं मूल त्यानं दुखावतं, आणि बाकीचे नुसतं ‘हो’ म्हणतात. घरून आलेलं पत्र मुलाच्या हातात द्या आणि म्हणा, यातला तुला आवडलेला एक परिच्छेद वाचून दाखव. मग विचारा, हे तुला कुठे दिसलं? लिहिताना काय लिहावं की नको असं वाटलं? काय सोडून दिलंस? शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. जो लिहितो त्याच्याजवळ पत्रात न बसलेलं काहीतरी हमखास असतं, आणि ते सांगायला तो उतावीळ असतो. ज्यानं उतरवलं आहे त्याच्याजवळ पत्रात आहे तेवढंच असतं. मूल लाजाळू असेल, बोलतच नसेल, तर त्याचा काहीही अर्थ काढू नका. त्याला कागद द्या आणि म्हणा, तुमच्या घरापासून पाण्यापर्यंतची वाट काढून दाखव.

मोठ्या मुलांसाठी, म्हणजे सातवी-आठवीसाठी, शंका फारच असेल तर आणखी एक उपाय आहे. अमेरिकेतले विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मजकूर किती सोपा आहे हे मोजण्यासाठी ठरावीक अंतरानं शब्द गाळून वाचकाला ते भरायला लावण्याची पद्धत मांडली. लिहिणाऱ्याची ओळख पटवायलाही ती पुढे वापरली गेली. मुलाच्याच पत्रातला शंभरेक शब्दांचा भाग घ्या, दर पाचवा शब्द गाळा आणि ते वीस शब्द भरायला द्या. अर्थ जुळणारा दुसरा शब्द आला तरी बरोबर धरा, कारण आपल्या मराठीत एकाच जागी ‘पण’, ‘मात्र’, ‘परंतु’ काहीही चालतं. स्वतः लिहिणाऱ्याला हे सहज जमतं. पण तीन-चार वेळा पक्की प्रत काढून पत्र पाठ झालेल्यालाही ते जमतं, आणि दोन महिन्यांपूर्वी स्वतः लिहिलेलं मूल विसरलेलंही असतं. तेव्हा एकट्या या चाचणीवर काही ठरवू नका.

हे सगळं एकत्र कसं वाचायचं, ते दोन कल्पित मुलांवरून पाहू. सहावीतल्या एका मुलाच्या घरच्या पत्राची सुरुवात अशी: ‘जलप्रदूषणाची समस्या दिवसेंदिवस उग्र रूप धारण करत असून नागरिकांच्या आरोग्यावर त्याचे दुष्परिणाम होत आहेत.’ पण मधेच एक वाक्य आहे: ‘हापशी हापसली की पहिलं पाणी लाल येतं म्हणून आई पहिल्या दोन कळशा ओतून देते.’ वर्गातल्या पत्रात त्यानं मामेभावाला लिहिलं, ‘सकाळी तू हापशीवर जाऊ नको, तेव्हा बायकांची रांग असते. लाल पाणी आलं तर घाबरू नको, ते पाइपाच्या गंजाचं आहे, असं दादा म्हणतो.’ अक्षर वाकडं, चुका दहा-बारा, पत्र जेमतेम १२० शब्दांचं. घरच्या पत्राची पहिली ओळ कोणीतरी सांगितलेली होती हे उघड आहे, आणि हापशी त्याची स्वतःची आहे हेही तितकंच उघड आहे. निकाल वर्गातल्या पत्रावर असल्यानं त्या पहिल्या ओळीचा विचार करायचं कारणच उरत नाही. हे मूल पहिल्या तिघांत येऊ शकतं.

दुसरी मुलगी आठवीतली. घरचं पत्र अप्रतिम, टाकी किती दिवसांनी धुतली जाते, झाकण कधी उडालं, सगळं नोंदलेलं. वर्गातलं पत्र मात्र ‘पाणी जपून वापरावे, पाणी उकळून प्यावे’ असं, कोणत्याही गावाला लागू पडेल असं. बोलताना तिनं सांगितलं की टाकीची माहिती काकांनी दिली, ते ग्रामपंचायतीत आहेत. ही मदत नियमात बसते, आणि तिनं तसं अर्जात लिहिलंही होतं. मग वाक्यं कोणाची? तुम्हाला ते कधीच कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही. वर्गातल्या पत्राला जितके गुण मिळतील तितके द्या. तिला किंवा तिच्या काकांना काहीही ऐकवू नका.

घरचं आणि वर्गातलं पत्र शेजारी ठेवलं की एक गोष्ट प्रत्येकच मुलाबाबत दिसेल. वर्गातलं पत्र लहान, चुकांचं आणि थोडं घाबरलेलं असतं. वेळ, नवी जागा आणि समोरची अनोळखी माणसं यामुळे ते तसं होणारच. तो संशय धरायचा नाही. दोन्हींत सारखं राहतं ते मुलाचं पाहणं. ज्याला घरी बारीकसारीक दिसतं त्याला वर्गातही दिसतं. काही मुलं सगळं ‘मग… मग…’ असं क्रमानं सांगतात, काही आधी तक्रार करतात आणि कारण मागून देतात. वाक्य जोडायची ही सवय मूल एका सकाळीत बदलत नाही. परीक्षकांना पाहायचंच असेल तर हे पाहायला सांगा.

काही मुलांसाठी वेगळी सोय आधीच नियमात लिहा, नाहीतर ऐन वेळी पंचाईत होते. दृष्टिहीन मुलाला किंवा लेखन-अक्षमता असलेल्या मुलाला लेखनिक द्या. लेखनिक त्याच्यापेक्षा खालच्या इयत्तेतला आणि दुसऱ्या शाळेतला असावा, आणि तासामागे २० मिनिटं जादा द्या. ज्यांच्या घरी अहिराणी, कोकणी, कन्नड, तेलुगू किंवा वडारी बोलली जाते, त्यांच्या वर्गातल्या पत्रात घरचे शब्द येतील आणि घरून आलेल्या पत्रात आले नसतील, कारण ते कोणीतरी ‘सुधारून’ दिलेले असतात. वर्गातल्या त्या शब्दांचे गुण कापू नका. शुद्धलेखनाला शंभरपैकी दहापेक्षा जास्त गुण ठेवूच नका. शुद्धलेखनाला जास्त गुण आहेत म्हटलं की घरचे पत्र आधी हातात घेतात, आणि एकदा हातात घेतलं की वाक्यंही बदलतात.

निकालाच्या दिवशीचे वाद टाळायला पत्रकात सुरुवातीलाच ही ओळ छापा: ‘अंतिम निकाल दुसऱ्या फेरीत परीक्षकांसमोर केलेल्या लेखनावर लागेल. पहिल्या फेरीची निवड केवळ पुढील फेरीसाठी आहे.’ ही ओळ असली की ‘आमच्या मुलीचं पत्र इतकं छान होतं, मग बक्षीस का नाही?’ या प्रश्नाला उत्तर देताना कोणावरही आरोप करावा लागत नाही. तक्रार आलीच तर फक्त त्या मुलाचं वर्गातलं पत्र, कच्च्या कागदासकट, त्याच्या पालकांना दाखवा. दुसऱ्याचं दाखवू नका. बोलताना काय टिपलं ते कोणालाच दाखवू नका, पालकांनाही नाही. ते कागद तीन महिने कुलपात ठेवून मग नष्ट करा. पत्रांचं प्रदर्शन लावायचं असेल तर वर्गात लिहिलेलीच पत्रं लावा, आणि त्यांतले पत्ते, फोन आणि घरातल्या माणसांची नावं झाका. मूल मामेभावाला लिहिताना घराची पूर्ण खूण देऊन टाकतं.

बक्षिसाच्या रकमेचंही जरा पाहा. पहिलं बक्षीस पाच हजारांचं आणि बाकीच्यांना फक्त प्रमाणपत्र असेल तर घरच्यांचा हात पत्रात शिरणारच. तीच रक्कम २४ जणांत वाटा: पहिल्या तिघांना पाचशे-पाचशेची पुस्तकं, आणि बाकी एकवीस जणांना प्रत्येकी दीडशेपर्यंतचं पुस्तक, स्वतः निवडून घेतलेलं. खर्च पाच हजारांच्या आतच बसतो. पुस्तकं वाचनालयाच्याच विक्रेत्याकडून सवलतीत मिळतील, आणि वर्गात बसून लिहिलेल्या प्रत्येक मुलाच्या हातात घरी जाताना काहीतरी असेल.